समोरच्या दारातल्या काकू : एका सोसायटीतलं प्रकरण

मी ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण दोन्ही घरांच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि कुणाचंही नाव दिलेलं नाही. जिच्या दारावर थाप पडायची तिला इथे ‘शेजारीण’ म्हटलं आहे, आणि थाप मारणाऱ्या बाईंना तीच हाक मारते तसं ‘काकू’.

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला असलेली जुनी चार मजली सोसायटी. एका जिन्याला प्रत्येक मजल्यावर दोन दारं, अगदी समोरासमोर. शेजारीण छत्तिशीची. विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करते, आठवड्यातले तीन दिवस घरून. नवरा चाकणच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये, मुलगी तिसरीत. घर भाड्याचं, अकरा महिन्यांच्या कराराचं, एकदा नूतनीकरण झालेलं.

काकू बहात्तर वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. यजमानांना जाऊन सव्वा वर्ष झालेलं. मुलगा कॅनडात, मुलगी नाशिकला. मधुमेह बराच जुना, रक्तदाबाची गोळी चालू. सोसायटीत त्यांना मान आहे. वर्षानुवर्षं गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं त्याच सांगत आल्या आहेत.

शेजारीण राहायला आली तेव्हा गॅसचं कनेक्शन मिळेपर्यंत तिच्या घरी काकूंकडून चहा यायचा. पुढे जे घडलं त्याचा अवघडलेपणा समजायचा असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

अडचण

यजमान गेल्यानंतर काही महिन्यांनी थापा सुरू झाल्या. आधी दिवसातून एखादी, मग चार-पाच. कारणं साधीच असायची. कढीपत्ता आहे का, मोबाईलवर नातवाचा फोटो उघडत नाही, पेपरवाला येऊन गेला का, पाणी आज किती वाजता जाणार. कधी वाटीभर शिरा घेऊन यायच्या आणि वाटी परत घ्यायच्या निमित्ताने पुन्हा. दार उघडलं की दोन मिनिटांची गोष्ट वीस मिनिटं चालायची. शेजारणीच्या बैठका स्क्रीनवर चालू असायच्या. एकदा साहेब बोलत असतानाच मागून काकूंचा आवाज आला, “अगं, तुझ्याकडे ओवा आहे का?” आणि तिला कॅमेरा बंद करावा लागला.

मग तिने बेल बंद केली. काकू कडी वाजवायला लागल्या. दिवसा दिवे न लावता ती आतल्या खोलीत बसू लागली. मुलीला सांगून ठेवलं की जिन्यात जोराने बोलायचं नाही. माझ्याकडे ती आली ती काकूंबद्दल विचारायला नव्हे, स्वतःबद्दल. “मला म्हाताऱ्या बाईचा राग येतो, मी अशी कधी नव्हते,” हे तिचं पहिलं वाक्य होतं.

पुढे बोलताना तिने एक प्रसंग सांगितला. तिच्या लेखी तो फक्त वाईट वाटण्याचा होता, मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. एका संध्याकाळी बेल बंद होती आणि ती आत हेडफोन लावून काम करत होती. काकू बराच वेळ जिन्यात उभ्या होत्या. त्यांच्या घरात दुधाचं पातेलं गॅसवर होतं. जळका वास वरच्या मजल्यावरच्या लोकांना आला, ते खाली आले. काकू तिथेच दारात होत्या, आणि तो वास त्यांना आलेलाच नव्हता. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, “मी हिच्याकडे काहीतरी विचारायला आले होते.” काय विचारायचं होतं, ते त्यांना सांगता आलं नाही.

समोर असलेले पर्याय

आमच्या पहिल्या भेटीपर्यंत तिने घरच्यांशी आणि मैत्रिणींशी बोलून काही वाटा मनात धरल्या होत्या.

पहिली वाट दार न उघडण्याची. ती करून झालीच होती, आणि तिचा परिणाम वर सांगितला आहे. ज्याला खरंच काही हवं आहे तो माणूस दार न उघडल्याने परत जात नाही, तो तिथेच थांबतो.

दुसरी, सेक्रेटरींकडे जायचं. तिने तोंडी विषय काढून पाहिला होता. “अहो, एकट्या आहेत, जरा समजून घ्या,” एवढंच उत्तर आलं. मला यात सेक्रेटरींचा दोष दिसत नाही. व्यवस्थापक समितीचं काम मेंटेनन्स, पाणी, पार्किंग, गळती यांचं. एखाद्या सभासदाने दुसऱ्याच्या दारावर किती वेळा जावं हे ठरवायला समितीच्या हातात समज देणारं पत्र सोडून फारसं काही नसतं. आणि असं पत्र निवृत्त शिक्षिकेच्या हातात पडलं असतं तर त्या थापा थांबल्या असत्या, पण त्याबरोबर त्यांचं घराबाहेर पडणंही थांबलं असतं. शिवाय शेजारीण भाडेकरू. सभासदाविरुद्ध लेखी तक्रार केली तर करार संपताना घरमालक काय म्हणेल, ही तिची भीती खोटी नव्हती.

तिसरी वाट नाशिकच्या मुलीला फोन करण्याची. चौथी, काकूंना जवळच्या विरंगुळा केंद्रात किंवा ज्येष्ठ नागरिक संघात जायला सुचवण्याची. ही सूचना सगळेच करतात. ती चांगलीही आहे, पण थापांचं कारण एकटेपणा आहे हे त्यात आधीच गृहीत धरलेलं असतं. पाचवी वाट घर बदलण्याची. नवरा त्याच बाजूचा होता.

माझं मत असं झालं की यातली कुठलीही वाट निवडायच्या आधी एक गोष्ट कळायला हवी होती. या सगळ्या थापा एकाच जातीच्या आहेत का?

पहिला निर्णय : लिहून ठेवणं

शेजारणीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीत दहा-बारा दिवस तीन गोष्टी टिपल्या. वेळ, कारण, आणि काकूंना आधीचं येणं आठवत होतं का. तिसरी गोष्ट मी मुद्दाम सांगितली. एकटं माणूस दुसऱ्यांदा येतं तेव्हा त्याला संकोच असतो. “परत आले बघ तुला त्रास द्यायला,” असं म्हणतच ते येतं. ज्याला आधीचं येणं आठवत नाही, त्याच्या चेहऱ्यावर हा संकोच नसतो. ते माणूस पहिल्यांदाच आल्यासारखं विचारतं.

सुरुवातीच्या नोंदींत दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या, त्यामुळे फार काही हाती लागलं नाही. त्या वेगळ्या झाल्या पुढच्या पावलानंतर.

दुसरा निर्णय : ठरलेली वेळ

शेजारीण काकूंकडे स्वतःहून गेली आणि म्हणाली, “काकू, सकाळी मला ऑफिसचं काम असतं, दार उघडता येत नाही. पण रोज पाच वाजता मी चहाला तुमच्याकडे येत जाईन. चालेल?” काकूंना आनंद झाला.

यात दोन गोष्टी विचारपूर्वक केल्या होत्या. एक म्हणजे ‘नाही’ आणि ‘हो’ एकाच वाक्यात सांगितलं. नुसतं ‘सकाळी येऊ नका’ म्हटलं असतं तर ते तोडून बोलणं झालं असतं. नुसतं ‘संध्याकाळी या’ म्हटलं असतं तर सकाळ मोकळी झाली नसती. दुसरी गोष्ट, चहा काकूंच्या घरी ठेवला. आपल्या घरी आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला ‘आता उठा’ म्हणता येत नाही, पण त्यांच्याकडून आपण पंचवीस मिनिटांनी उठू शकतो. पाहुण्याला निघायचा हक्क असतो. आणि त्यांच्या घरात गेल्यावर जे दिसतं ते आपल्या दारात उभं राहून कधीच दिसत नाही.

आठवड्याभरात सकाळच्या थापा जवळजवळ बंद झाल्या. कढीपत्ता, शिरा, नातवाचे फोटो, सगळं पाचच्या चहात सामावलं. कधी सकाळी आल्याच तर दारातच म्हणायच्या, “अगं, तू कामात आहेस ना, पाचला बोलू.” एवढा भाग एकटेपणाचा होता, आणि ठरलेल्या वेळेने तो सुटला.

साडेसहा ते साडेआठच्या थापा मात्र तशाच राहिल्या. आता बाकीचा गोंधळ बाजूला झाल्यामुळे त्या वेगळ्या दिसायला लागल्या. किल्ली तुझ्याकडे ठेवली आहे का? आज वार कोणता? नाशिकहून फोन आला होता का? एका मंगळवारी सव्वासातला किल्लीबद्दल विचारून गेल्या, आणि वीस मिनिटांनी तेच, त्याच शब्दांत, कसलाही संकोच न करता. दोनेक तासांपूर्वी चहाला एकत्र बसलो होतो, हेही त्या दिवशी त्यांच्या लक्षात नव्हतं.

या प्रकरणातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी ही घेईन. जी थाप सोबतीसाठी असते ती सोबतीची खात्रीची वेळ मिळाली की तिथे जाऊन बसते. जी त्यानंतरही उरते, तिचं कारण दुसरीकडे शोधायचं.

चहाच्या वेळी घरात दिसलेल्या गोष्टीही तेच सांगत होत्या. ओट्याखाली तूरडाळीच्या तीन न फोडलेल्या पिशव्या. पेपरचं एकाच महिन्याचं बिल दोनदा भरल्याच्या पावत्या. तळ काळं पडलेली दोन पातेली. आणि टेबलावर शुगरच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या, दोन्ही अर्धवट.

तिसरा निर्णय : कुणाला सांगायचं

आमच्यात सगळ्यात जास्त चर्चा इथे झाली. माझा सल्ला होता की आधी काकूंशीच बोलावं. शेजारणीला ते धाडस होईना. तिने मुलीला फोन केला आणि म्हणाली, “तुमच्या आईंना विसर पडायला लागलाय असं वाटतं.” मुलगी दुखावली. “आईला अख्खी रामरक्षा पाठ आहे. परवाच मला माझ्या बारशाची गोष्ट सांगत होती. तुम्हाला त्रास होत असेल तर स्पष्ट सांगा.”

मुलीचं उत्तर फार नेहमीचं आहे, आणि ते प्रामाणिकही असतं. पण पाठ असलेली स्तोत्रं आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या आठवणी बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. आधी निसटतं ते ताजं. आज सकाळी काय झालं, किल्ली कुठे ठेवली, गोळी घेतली का. रामरक्षा म्हणता येते यावरून दुपारचं आठवेल असं धरता येत नाही. फोनवर तर हे अजिबात कळत नाही, कारण फोनवरचं बोलणं बहुतेक जुन्या गोष्टींचंच असतं.

दुसरा फोन आठवड्याने झाला. या वेळी शेजारणीने स्वतःचं मत सांगितलं नाही, दिनदर्शिकेवरच्या नोंदी वाचून दाखवल्या. तारीख, वेळ, काय विचारलं. दुधाच्या पातेल्याची गोष्टही सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मुलगी म्हणाली, “ताई, मी शनिवारी येते.”

मुलीला मी एक गोष्ट सुचवली होती. शनिवार-रविवारचा पाहुणचार पाहून निष्कर्ष काढू नका. लेक आली की आई सावरून बसते, दोन दिवस सगळं नीट होतं. चार-पाच दिवस राहा, संध्याकाळी मदत करायला उठू नका, त्यांचा स्वयंपाक त्यांनाच करू द्या. मुलगी राहिली. तिसऱ्या संध्याकाळी काकूंनी तिलाच विचारलं, “तू कधी आलीस?”

डॉक्टरांकडे काय कळलं

काकूंना हे कसं सांगायचं हा प्रश्न मुलीने चांगला सोडवला. ‘विसरण्याची तपासणी’ असं न म्हणता, शुगरची तपासणी राहिली आहे आणि थकवाही येतो, तर डॉक्टरांना दाखवू, असं ती म्हणाली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दवाखान्यात आत गेल्यावर मात्र तिने डॉक्टरांसमोर, आईला ऐकू जाईल असं, सगळं सांगितलं. काकू तेव्हा म्हणाल्या, “मला माहीत आहे. मला भीती वाटते म्हणून मी समोर जाते.” पुढे मुलीने मला हे सांगितलं तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं.

तपासण्यांत दोन ठोस गोष्टी निघाल्या. ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ बरंच कमी होतं, १४० च्या आसपास. प्रयोगशाळेची खालची मर्यादा साधारण २०० असते. शुद्ध शाकाहार आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन असेल तर बी-१२ कमी होण्याची शक्यता वाढते, आणि त्या कमतरतेने स्मरणावर परिणाम होऊ शकतो. थायरॉइड ठीक होतं.

दुसरी गोष्ट त्या अर्धवट पट्ट्यांनी सांगितली. काकूंच्या गोळीत मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइड होतं, आणि ते शुगर चांगलीच खाली आणतं. सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवेना म्हणून त्या कधीकधी दुपारी पुन्हा घेत होत्या. औषधाच्या दुकानातल्या बिलांवरून ते स्पष्ट झालं. महिन्याच्या गोळ्या तीन आठवड्यांत संपत होत्या. मुलीने संध्याकाळी सातला घरच्या यंत्रावर शुगर पाहिली तर ६४ निघाली. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, गोंधळ सुरू होऊ शकतो. म्हणजे विसरण्यामुळे दोनदा गोळी, आणि त्या गोळीमुळे संध्याकाळी आणखी गोंधळ, असं ते चक्र होतं.

डॉक्टरांनी गोळी बदलली, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली आणि मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथल्या स्मरणचाचणीत सौम्य स्वरूपाची घट दिसली. बी-१२ आणि शुगर दोन्ही सुधारल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी करून मगच पुढचं बोलू, असं त्यांनी सांगितलं.

घरात केलेले बदल

गोळ्यांसाठी वारांचे खण असलेली डबी आली. मुलगी दर पंधरवड्याला येऊन दोन डब्या भरून जाते. खण रिकामा दिसला की गोळी घेतलेली आहे, आठवायची गरज नाही. वार आणि तारीख मोठ्या अक्षरांत दाखवणारं घड्याळ हॉलमध्ये लागलं. दाराच्या आतल्या बाजूला खुंटी आणि तिच्यावर कागद, ‘किल्ली इथे’. संध्याकाळी सहा ते साडेआठ एक बाई येतात, पोळीभाजी करतात आणि जाताना गॅसचा कॉक बंद करतात. रात्री काकू फक्त विजेच्या शेगडीवर दूध तापवतात. तिला वेळ लावली की ती आपोआप बंद होते.

शेजारणीने काय घ्यायचं आणि काय नाही, हेही याच वेळी ठरलं. एक जादा किल्ली तिने ठेवून घेतली. गोळ्या देण्याची जबाबदारी मात्र मुलीने विनंती करूनही नाकारली. मला हे बरोबर वाटलं. औषधात चूक झाली तर त्याचं ओझं शेजाऱ्याने वाहायचं नसतं, आणि एकदा घेतलेलं रोजचं काम पुढे सोडता येत नाही. तिने ते त्याच दिवशी, नरमाईने, पण स्पष्ट सांगितलं. म्हणूनच संध्याकाळच्या बाई लवकर मिळाल्या.

परिणाम

दोन-अडीच महिन्यांत संध्याकाळच्या थापा बऱ्याच कमी झाल्या. शुगर खाली जायची थांबल्याचा फरक लवकर दिसला, बी-१२ चा हळूहळू. पूर्ण बंद झालेल्या नाहीत. बाई आल्या नाहीत तर त्या संध्याकाळी थाप पडतेच. सहा महिन्यांनंतरच्या चाचणीत गुण थोडे सुधारले, पण सौम्य घट कायम आहे. ती पुढे वाढेल की अशीच राहील हे आज कुणी सांगू शकत नाही. पाचचा चहा आता आठवड्यातून तीनदा आहे. बाकीच्या दिवसांपैकी दोन दिवशी काकू ज्येष्ठ नागरिक संघात जातात, तळमजल्यावरच्या एका आजोबांच्या सोबतीने.

वेगळं काय करता आलं असतं

नोंदी थापा वाढू लागल्या तेव्हाच सुरू व्हायला हव्या होत्या, दुधाच्या प्रसंगाच्या आधी. बेल बंद करण्याऐवजी दार उघडून ‘आत्ता नाही, पाचला’ म्हणणं जास्त सोपं आणि जास्त सुरक्षित ठरलं असतं. मुलीशी पहिला फोन निदानाच्या भाषेत झाल्याने एक आठवडा गेला. आणि काकूंना स्वतःला भीती वाटते आहे, हे त्यांना थेट विचारलं असतं तर कदाचित पहिल्याच चहाच्या वेळी कळलं असतं. मला सगळ्यात जास्त हळहळ याची वाटते. तिसऱ्याच माणसांशी बोलणं चाललं होतं, ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्याशी सगळ्यात शेवटी.

इथे एक मर्यादा सांगणं गरजेचं आहे. हा मार्ग प्रत्येक दाराला लागू नाही. नवरा रात्रपाळीला गेल्यावरच येणारा, ‘नको’ म्हटल्यावर नवं निमित्त काढणारा, घरात एकटी कधी असतेस असं विचारणारा शेजारी असेल, तर त्याला चहाची वेळ द्यायची नाही. एकदाच, साक्षीदारासमोर किंवा संदेशात, स्पष्ट नकार द्यायचा आणि नोंद ठेवायची. स्पष्ट नकारानंतरही पुरुषाने स्त्रीशी वारंवार संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि तातडीच्या वेळी ११२ आहे. दोन्ही प्रकारांत उपयोगी पडणारा फरक एकच. मर्यादा सांगितल्यावर समोरचा ती पाळतो, विसरतो, की मुद्दाम ओलांडतो, ते पाहायचं.

घरातलं कुणी दूर असेल आणि वृद्ध शेजाऱ्यासाठी काय करावं सुचत नसेल तर केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मदतवाहिनी आहे. या प्रकरणात तिची गरज पडली नाही, कारण मुलगी आली.

शेजारणीचा करार येत्या मे महिन्यात संपतो आहे आणि या वेळी ते घर सोडणार आहेत, मुलीच्या शाळेसाठी. हे तिने काकूंच्या मुलीला तीन महिने आधीच कळवलं. किल्ली आता तळमजल्यावरच्या आजोबांकडे जाईल. पाचच्या चहाला त्यांच्या सूनबाई आतापासूनच आठवड्यातून एकदा यायला लागल्या आहेत, म्हणजे मेमध्ये त्या काकूंना अनोळखी वाटणार नाहीत.